लशीच्या ट्रायलमध्ये खून कसा मोजतात?

मे २०२४ मध्ये माझ्या मावशीने एक फॉरवर्ड पाठवला होता. वर लाल अक्षरांत ‘कंपनीने अखेर कबूल केले’, खाली रक्ताच्या गुठळीचं चित्र आणि त्याखाली तिचा स्वतःचा प्रश्न: ‘आपण तर कोव्हिशिल्डच घेतली होती ना गं?’ अॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधल्या कोर्टात दिलेल्या कागदात लिहिलं होतं की त्यांच्या लशीमुळे अगदी क्वचित टीटीएस नावाचा विकार होऊ शकतो. टीटीएस म्हणजे रक्तात गुठळ्या होणं आणि त्याच वेळी प्लेटलेट्स घसरणं. तीच लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशिल्ड या नावाने बनवली होती, त्यामुळे आपल्याकडे घराघरांत तो फॉरवर्ड फिरला. खरं तर हा धोका युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१ मध्येच जाहीर करून लशीच्या माहितीपत्रकात घालायला लावला होता. पण मावशीचा पुढचा प्रश्न नेमका होता. ‘मग ट्रायल केली तेव्हा हे लिहिलं का नाही?’

औषधांच्या ट्रायलचे निष्कर्ष शोधनिबंधाच्या रूपात लिहून देणं हे माझं काम. त्यातला सगळ्यात कमी वाचला जाणारा आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारा भाग म्हणजे सुरक्षिततेचा. म्हणून मावशीला मी त्या लशीचाच मूळ निबंध उघडून दाखवला. डिसेंबर २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो आला होता. ब्रिटन, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका इथल्या सुमारे २४ हजार लोकांची त्यात नोंद आहे. तिने चष्मा लावला, भाषांतर करून सांग म्हणाली आणि मृत्यूंच्या ओळीपाशी मला थांबवलं. ‘खून? लशीच्या निबंधात खून?’

हो. त्या निबंधात कोविडशिवाय इतर कारणांनी झालेले चार मृत्यू नोंदले आहेत. एक रस्त्यावरच्या अपघातात, एक जबर मार लागून, एक खून आणि एक फुप्फुसाच्या बुरशीजन्य न्यूमोनियाने. त्यातले तीन तुलनेच्या गटातले, म्हणजे ही लस न दिलेल्यांतले, एक लस घेतलेल्यांतला.

## ‘प्रतिकूल घटना’ म्हणजे दुष्परिणाम नव्हे

औषध किंवा लस घेतल्यानंतर ठरलेल्या काळात त्या माणसाच्या तब्येतीत जे काही वाईट घडेल ते सगळं म्हणजे प्रतिकूल घटना. ते औषधामुळे झालं की नाही हा प्रश्न इथे विचारायचाच नसतो. जिन्यावरून पडून मनगट मोडलं, घटना. सर्दी झाली, घटना. आपल्याकडच्या २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांतही व्याख्या हीच आहे. घटना औषधामुळेच झाली असा वाजवी संशय असेल, तेव्हाच तिला दुष्परिणाम म्हणता येतं.

हे असं का? सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर आठवा. वॉचमन येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहितो, दूधवाल्याचंही आणि जावयाचंही. चोरी झाली तर नंतर त्या वहीतून माग काढता येतो. पण ‘हा चोर वाटत नाही, याचं नाव कशाला लिहू’ असं वॉचमनने ठरवायला सुरुवात केली की वही निकामी झाली.

खून आणि अपघातसुद्धा का लिहायचे याचं उत्तर औषधांच्या इतिहासात आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या एका औषधाच्या मोठ्या ट्रायलचे निष्कर्ष आले. त्यात औषधाच्या गटात अपघात आणि हिंसेने ११ मृत्यू झाले होते, प्लासिबोच्या गटात ४. प्लासिबो म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं. १९९० मध्ये काही संशोधकांनी अशा अनेक ट्रायल एकत्र करून पाहिल्या आणि प्रश्न टाकला: कोलेस्टेरॉल उतरवल्याने माणसाच्या स्वभावावर काही परिणाम होतो की काय? ऐकायला विचित्र, पण तपासण्याजोगा प्रश्न. पुढे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्याच स्टॅटिन नावाच्या औषधांच्या मोठमोठ्या ट्रायलमध्ये असं काही दिसलं नाही आणि शंका मावळली. आकडे छापले होते म्हणून शंका घेता आली, आणि पुढच्यांनीही छापले म्हणून ती मिटवता आली. ‘अपघाताचा गोळीशी काय संबंध’ म्हणून कुणी ते वगळले असते तर यातलं काहीच झालं नसतं. शिवाय झोप आणणाऱ्या गोळीच्या ट्रायलमधला रस्त्यावरचा अपघात हा निव्वळ अपघात असेलच असं नाही.

## ‘गंभीर’ आणि ‘तीव्र’ यांची गल्लत

दुसरा गोंधळ शब्दांचा आहे. रोजच्या बोलण्यात गंभीर आणि तीव्र यांत आपण फारसा फरक करत नाही. ट्रायलच्या भाषेत दोन्ही वेगळे. तीव्र म्हणजे त्रास किती जोरात झाला. डोकं इतकं दुखलं की दिवसभर अंथरुणातून उठवलं नाही, तर ती तीव्र डोकेदुखी. पण ती गंभीर नव्हे. गंभीर ठरायला काही ठरावीक परिणामांपैकी एक व्हावा लागतो: मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती होणं किंवा मुक्काम लांबणं, कायमचं अपंगत्व, बाळात जन्मजात दोष, किंवा डॉक्टरांच्या मते तितक्याच वजनाची काही गोष्ट. उलट, हलका त्रासही गंभीर ठरू शकतो. साध्या चक्करेसाठी खबरदारी म्हणून एक रात्र दाखल करून घेतलं की नियमाने ती घटना गंभीर.

बातमीत ‘ट्रायलमध्ये १६८ जणांना गंभीर त्रास’ असं वाचताना हा फरक हाताशी हवा. लॅन्सेटमधला आकडा खरंच १६८ आहे. पण पूर्ण वाक्य असं आहे: १६८ जणांत मिळून १७५ गंभीर घटना झाल्या. त्यातले ७९ जण लस घेतलेले होते आणि ८९ जण तुलनेच्या गटातले.

एका वाक्यात किती गोष्टी सांभाळल्या आहेत पाहा. माणसं वेगळी मोजली आणि घटना वेगळ्या, कारण एकाच माणसाला दोन घटना होऊ शकतात. नुसत्या घटना छापल्या तर एकच खूप आजारी माणूस सगळं चित्र बदलून टाकतो. नुसती माणसं छापली तर त्याला चारदा दाखल व्हावं लागलं हे दिसत नाही. दोन्ही गट शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही गटांत बारा हजारांच्या आसपास माणसं होती, म्हणजे टक्केवारी साधारण ०.७ आणि ०.८. आता १६८ या आकड्याची भीती उरत नाही आणि काही लपवलंही नाही. कुठल्याही १२ हजार माणसांकडे काही महिने लक्ष ठेवलं तर कुणाचं अॅपेंडिक्स काढावं लागतं, कुणी स्कूटरवरून पडतं. तुलनेचा गट असतो तो हा नेहमीचा पाऊस मोजायला.

एक बारकावा मात्र नजरेतून सुटायला नको. तुलनेच्या गटातल्या बऱ्याच जणांना मिठाचं पाणी नव्हे, मेनिंजायटिसची लस दिली होती. दंड दुखला की आपल्याला काय टोचलंय हे लोक ओळखतात, ते टाळायला ही युक्ती. पण त्यामुळे ‘दुसऱ्या गटाइतकाच त्रास’ याचा अर्थ तिथे अंशतः ‘दुसऱ्या लशीइतकाच त्रास’ असा होतो. म्हणूनच तुलना कशाशी केली हे तक्त्याच्या डोक्यावरच लिहिलेलं असावं.

## एक अवघड परिच्छेद, तीन तऱ्हांनी

खरी कसोटी लागते ती एखाद-दुसऱ्या वाईट घटनेपाशी. सप्टेंबर २०२० मध्ये ही ट्रायल काही दिवस थांबवली होती, कारण एका व्यक्तीत मज्जारज्जूचा दाह दिसला होता. ट्रान्सव्हर्स मायलायटिस म्हणतात त्याला. पाय बधिर पडतात, अशक्तपणा येतो. नाव ऐकूनच धडकी भरावी असा आजार.

हे निबंधात कसं लिहाल? पहिली तऱ्हा बातमीची: ‘लस घेतल्यावर दोघांच्या मज्जारज्जूला इजा, ट्रायल थांबवावी लागली.’ यात एकही शब्द खोटा नाही. तरी वाक्य दिशाभूल करणारं आहे, कारण तुलनेच्या गटातही एक प्रकरण झालं होतं ते गाळलंय.

दुसरी तऱ्हा झाकपाकीची: ‘मज्जासंस्थेच्या मोजक्या घटना आढळल्या, परंतु तपासाअंती त्यांत चिंताजनक काही नव्हतं. लस चांगली सहन झाली.’ माझ्याकडे येणाऱ्या कच्च्या मसुद्यांत ही तऱ्हा फार भेटते. ‘मोजक्या’ म्हणजे किती? ‘चिंताजनक नव्हतं’ हे कुणाच्या मते? आणि ‘सहन झाली’ कुणाला? ज्याचे पाय बधिर झाले त्याला हे वाक्य वाचून दाखवाल का?

निबंधातली मांडणी तिसऱ्या तऱ्हेची आहे. मुळात तीन प्रकरणं नोंदली गेली, दोन लशीच्या गटात आणि एक तुलनेच्या गटात. पहिलं दुसऱ्या डोसनंतर १४ दिवसांनी. त्याचा लशीशी संबंध शक्य मानला गेला. मज्जातंतूतज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीने ते कारण न सापडलेलं, मज्जारज्जूच्या छोट्या भागापुरतं दुखणं असावं असं मत दिलं. दुसरं पहिल्या डोसनंतर १० दिवसांनी. आधी संबंध शक्य मानला, पण पुढच्या तपासणीत त्या व्यक्तीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आधीपासूनच असल्याचं, फक्त कुणाला माहीत नसल्याचं दिसलं, तेव्हा संबंध असण्याची शक्यता कमी ठरवली. तिसरं तुलनेच्या गटात, ६८ दिवसांनी. तिघांची प्रकृती एकतर सुधारली होती किंवा स्थिर होती.

हे वाचताना छातीत धस्स होत नाही, पण हाताला सगळं लागतं. किती जण, कोणत्या गटात, कितव्या दिवशी, आधी कुणी काय ठरवलं, नंतर मत का बदललं, शेवटी माणूस कसा आहे. मला यातली सगळ्यात मोलाची जागा वाटते ती ‘आधी शक्य मानला, मग बदलला’ ही. मसुदा नीटनेटका करायच्या नादात पहिलं मत पुसून नुसतं शेवटचं ठेवायचा मोह होतो. पण मत का फिरलं ते वाचकाला दिसलं नाही तर तो ते मान्य किंवा अमान्य कशाच्या जोरावर करणार?

विशेषणांचंही तसंच. मसुद्यातले ‘केवळ’, ‘सुदैवाने’, ‘नगण्य’, ‘दुर्दैवी’ हे शब्द मी आधी खोडते. ‘केवळ तीन’ मधला ‘केवळ’ हा आकडा नसून लिहिणाऱ्याचा सुस्कारा आहे. आणि ‘सुरक्षित’ हा शब्द? तो एकाच ट्रायलच्या निबंधात वापरायला मी सहसा विरोधच करते. का, ते पुढे.

## ‘मग गुठळ्यांचं का लिहिलं नाही?’

आता मावशीचा मूळ प्रश्न. टीटीएस ट्रायलमध्ये दिसला नाही, कारण तो दिसण्याइतकी माणसं ट्रायलमध्ये नव्हती. त्याचं प्रमाण ढोबळमानाने लाखात एक-दोन. ट्रायलमध्ये लस घेतलेले बारा हजारांच्या घरात. लाखात एक असलेला खडा तुम्ही तांदळाच्या बारा हजार दाण्यांत शोधलात तर बहुतेक वेळा तो सापडणारच नाही. म्हणून पोत्यात खडा नाही असं म्हणता येत नाही.

मग ‘आढळला नाही’ याचा नेमका अर्थ काय घ्यायचा? त्यासाठी संख्याशास्त्रज्ञांचा एक सोपा आडाखा आहे, तीनचा नियम. एखादी घटना पाहिलेल्या माणसांत एकदाही झाली नसेल, तर तीनला त्या माणसांच्या संख्येने भागा. येईल तो आकडा म्हणजे खऱ्या धोक्याची वरची मर्यादा, ९५ टक्के खात्रीने. इथे तीन भागिले १२ हजार, म्हणजे चार हजारांत एक. याचा अर्थ ती ट्रायल जास्तीत जास्त एवढंच सांगू शकत होती: न दिसलेला धोका असलाच तर बहुधा चार हजारांत एकापेक्षा कमी. लाखात एकाबद्दल तिला बोलताच येत नव्हतं.

काळाची मर्यादाही आहे. त्या निबंधात सुरक्षिततेसाठीच्या पाठपुराव्याचा मध्यक ३.४ महिन्यांचा होता, म्हणजे निम्म्या लोकांचा त्याहून कमी. हा आकडा त्यांनी थेट सारांशात दिला. वर्षभराने उद्भवणाऱ्या गोष्टीबद्दल हा निबंध गप्प आहे हे त्या एका आकड्यावरून कळतं. ‘लस सुरक्षित आढळली’ यातून ते कळत नाही, म्हणून त्या शब्दाशी माझं वाकडं. त्याऐवजी ‘इतक्या लोकांत, इतक्या महिन्यांत, हे दिसलं आणि हे दिसलं नाही’ असं लिहिता येतं. वाक्य लांबतं खरं.

टीटीएस सापडला तो लस कोट्यवधींना दिल्यावर, मार्च २०२१ च्या सुमारास, युरोपातल्या डॉक्टरांना एकसारखे विचित्र रुग्ण भेटू लागले तेव्हा.

## ‘सगळं छापलं तर लोक घाबरून औषधच घेणार नाहीत’

हा आक्षेप डॉक्टरांकडूनच येतो आणि तो पोकळ नाही. त्रास होणार असं सांगितलं की काहींना तो खरोखर होतो. कोविड लशींच्या बारा ट्रायलचे आकडे एकत्र करून २०२२ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, पहिल्या डोसनंतर प्लासिबो घेतलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांनी थकवा, डोकेदुखी असे अंगभर जाणवणारे त्रास सांगितले होते. त्यांना लस टोचलीच नव्हती.

पण या आकड्याचा उपयोग उलट बाजूने करता येतो. तक्त्यात ‘थकवा’ या ओळीत लशीच्या रकान्याशेजारी प्लासिबोचा रकानाही असला की वाचकाला आपोआप कळतं, यातला थकवा बराचसा असाही येतोच. भीती वाढते ती एकटा आकडा छापल्याने. तीच गोष्ट ‘धोका दुप्पट’ची. हजारात एकाचे दोन झाले तरी दुप्पट आणि शंभरात दहाचे वीस झाले तरी दुप्पट. म्हणून आधी हजारात किती ते लिहायचं, पट नंतर.

## ‘संबंध नाही हे ठरवणारे त्यांचेच डॉक्टर ना?’

बरोबर, आणि याचं सगळ्यात बोचरं उदाहरण लशीचं नाहीच. नैराश्य असलेल्या किशोरवयीन मुलांवर पॅरोक्सेटिन या औषधाची एक ट्रायल झाली. २००१ मध्ये तिचा निबंध आला. औषध घेतलेल्या ९३ मुलांपैकी ११ जणांत गंभीर घटना, प्लासिबोच्या ८७ पैकी २ जणांत. हे आकडे निबंधातच होते. पण त्या अकरांपैकी फक्त एका मुलाची डोकेदुखी औषधामुळे असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं मत नोंदलं होतं आणि निष्कर्षात लिहिलं होतं की औषध सर्वसाधारणपणे चांगलं सहन होतं. आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न ‘भावनिक अस्थिरता’ या मवाळ शीर्षकाखाली गेले होते. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मूळ कागद उघडून तीच ट्रायल पुन्हा लिहिली आणि औषध या मुलांसाठी परिणामकारकही नाही आणि निर्धोकही नाही असा निष्कर्ष काढला.

यातून कामाच्या दोन सवयी निघतात. एक, संबंध असो-नसो, सगळ्या घटनांचा तक्ता आधी द्यायचा. ‘संबंधित’ घटनांचा नंतर, आणि ते कुणी ठरवलं, त्या माणसाला औषध कुणाला मिळालंय हे माहीत होतं का, तेही लिहायचं. मग ११ विरुद्ध २ हा फरक कुणाच्या मतामागे दडत नाही. दुसरी सवय नावांची. ट्रायलमध्ये प्रत्येक घटनेला ठरावीक शब्दकोशातलं नाव देतात. एकच गोष्ट पाच नावांत विखुरली की प्रत्येक ओळीत एक-एक उरते. त्यात निबंधात ‘पाच टक्क्यांहून जास्त लोकांत झालेल्या घटना’ एवढ्याच छापल्या की त्या सगळ्या ओळी गळून पडतात. अशी चाळणी लावायची तर नेहमीच्या त्रासांना लावावी. गंभीर घटना, मृत्यू आणि त्रासामुळे औषध सोडलेले लोक, यांची यादी पूर्णच हवी.

मावशीने हे सगळं ऐकून घेतलं आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, ‘माझा हा लशीनंतरच जास्त दुखायला लागला. मी ट्रायलमध्ये असते तर लिहिलं असतं का?’

असतं. कितव्या डोसनंतर, कितव्या दिवशी, किती दिवस, गोळी घ्यावी लागली का, आता कसा आहे.

‘आधीपासून थोडा दुखायचा, ते?’

ते पहिल्याच दिवशी, सुई टोचायच्या आधी विचारून लिहून ठेवतात. नंतर वाढला असेल तेवढीच घटना धरतात.

‘मग वाढलाय,’ ती म्हणाली. ‘लिही.’